मेलमधलं ‘जस्ट’, ‘मेबी’ आणि ‘असं वाटतं’

भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासणारा तरुण इंजिनिअर दिवसाच्या शेवटी वरिष्ठांना मेल लिहितोय, असं समजू. मेल अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. तो काहीसा असा:

‘सर, जस्ट एक छोटीशी गोष्ट लक्षात आणून द्यायची होती. मला वाटतं, तीन नंबरच्या मशीनवर बोअरच्या मापात थोडासा फरक पडतोय. मेबी टूल झिजलं असेल, नक्की सांगता येणार नाही. शक्य झालं तर उद्याचं काम जरा थांबवता आलं तर बरं होईल. बाकी आपण ठरवाल तसं.’

वरिष्ठांच्या इनबॉक्समध्ये तेव्हा पन्नासेक मेल पडलेले असतील. त्यातून त्यांच्या हाती काय लागतं? गोष्ट ‘छोटीशी’ आहे, फरक ‘थोडासा’ आहे, कारण नक्की नाही आणि काम थांबवलं नाही तरी चालण्यासारखं आहे. ते हा मेल उद्यावर टाकतील, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. मेलनेच त्यांना तसं सांगितलंय.

प्रत्यक्षात या इंजिनिअरकडे भरपूर माहिती आहे. मशीनवर जे गोल भोक, म्हणजे बोअर, पाडलं जातं त्याचं माप ड्रॉइंगप्रमाणे 42.000 ते 42.025 मिलिमीटरच्या आत असायला हवं. सकाळी 9 वाजता ते 42.018 भरलं, दुपारी 1 वाजता 42.011 आणि संध्याकाळी 5 वाजता मशीन बंद करताना 42.004. हे तिन्ही आकडे त्याच्या वहीत आहेत. मेलमध्ये त्यातला एकही आला नाही. आकड्यांच्या जागी ‘थोडासा फरक’ येऊन बसला.

नेमकेपणाच्या जागी येऊन बसणाऱ्या अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘हेज’ म्हणतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला या शब्दांवर जो निबंध लिहिला, त्यातून ही संज्ञा रूढ झाली. इंग्रजी मेलमध्ये जस्ट, मेबी, सॉर्ट ऑफ, काइंड ऑफ, आय थिंक, आय फील ही त्यातली नेहमीची मंडळी. मराठीत फक्त, जरा, थोडंसं, तसं पाहिलं तर, असं वाटतं, जमल्यास, शक्य झाल्यास. हे सगळे शब्द एका झटक्यात उडवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण या शब्दांमागे दोन अगदी वेगळी कामं दडलेली असतात. काही वेळा लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट खरोखरच पूर्ण ठाऊक नसते आणि ‘बहुधा’ हा शब्द ते प्रामाणिकपणे सांगतो. इतर वेळी गोष्ट ठाऊक असते, पण ती ठामपणे मांडण्याची किंवा मागणी करण्याची भीती वाटते, आणि ‘बहुधा’ त्या भीतीवर पांघरूण घालतो. शब्द तोच. पहिल्या जागी त्याला हात लावायचा तर अधिक नेमका करण्यासाठी लावायचा. दुसऱ्या जागी तो काढून टाकायचा.

पहिल्या प्रकाराबद्दलची एक घटना मला फार मोलाची वाटते. शर्मन केंट हे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतले विश्लेषक. मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. 1951 साली त्यांच्या विभागाने युगोस्लाव्हियाबद्दल एक अंदाजपत्र तयार केलं. त्या वर्षी सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असं त्यात म्हटलं होतं. ते वाचून परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने केंट यांना सहज विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे किती हो? केंट म्हणाले, माझ्या मते हल्ला होण्याच्या बाजूने 65, न होण्याच्या बाजूने 35. अधिकारी दचकले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शब्द वाचून शक्यता बरीच कमी धरली होती.

केंट यांना हे लागलं. ज्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून त्या मजकुरावर संमती दिली होती, त्यांनाच त्यांनी एकेक करून विचारलं, तुमच्या मनात आकडा कोणता होता? कुणी 80 सांगितला, कुणी 20, बाकीचे मधे कुठेतरी. म्हणजे ‘गंभीर शक्यता’ या दोन शब्दांवर सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि तिच्या मापावर अजिबात नाही. पुढे 1964मध्ये केंट यांनी या विषयावर एक निबंध लिहिला आणि शब्दांना आकड्यांशी जोडणारा तक्ता सुचवला. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे 93 टक्क्यांच्या आसपास, ‘संभवनीय’ म्हणजे 75च्या आसपास, ‘निम्मी-निम्मी’ म्हणजे 50, अशी त्याची रचना होती. सहकाऱ्यांनी तो सरसकट स्वीकारला नाही. पण विचार टिकला. हवामानबदलावर अहवाल देणारी आयपीसीसी आज नेमकं हेच करते: तिच्या अहवालात ‘लाइकली’ लिहिलं की 66 टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 90 किंवा अधिक. शंकेचा शब्द तिथे हटवलेला नाही. त्याला माप दिलंय.

कारखान्यातल्या मेलला टक्केवारीचा तक्ता लागत नाही. पण त्याच रीतीने स्वतःला विचारता येतं की मी काय मोजलं, त्यावरून काय ताडलं आणि काय अजून तपासलं नाही. आपल्या इंजिनिअरने मोजलेली गोष्ट म्हणजे ते तीन आकडे. त्यांच्याबद्दल ‘मला वाटतं’ म्हणायला जागाच नाही, कारण ते गेजवर दिसलेले आकडे आहेत. ताडलेली गोष्ट म्हणजे कारण. बोअर पाडणाऱ्या टूलच्या टोकाला जो इन्सर्ट बसवलेला असतो, तो झिजला की धार मागे सरते आणि भोक हळूहळू लहान होत जातं. इथे घट एकाच दिशेने आणि सारख्या वेगाने झाली, म्हणून झीज हा तर्क बळकट आहे. आणि न तपासलेली गोष्ट म्हणजे गेज. ज्याने माप घेतलं तो बोअर गेज त्या दिवशी सेटिंग रिंगवर लावून पाहिलेला नव्हता, त्यामुळे चूक गेजचीही असू शकते.

हे तीन भाग वेगळे झाले की मेल असा होतो:

‘विषय: तीन नंबरच्या मशीनवर बोअर लहान होत आहेत, उद्याच्या कामाबाबत आज निर्णय हवा.

सर, आज बोअरचं माप सकाळी 9 वाजता 42.018, दुपारी 1 वाजता 42.011 आणि 5 वाजता 42.004 मिलिमीटर मिळालं. खालची मर्यादा 42.000 आहे. आज तपासलेले सर्व नग मर्यादेत आहेत, पण याच वेगाने उद्या मशीन सुरू केल्यापासून सव्वादोन तासांत माप मर्यादेखाली जाईल. कारण बहुधा इन्सर्टची झीज आहे. मात्र आज गेज सेटिंग रिंगवर तपासलेला नाही, त्यामुळे गेजमधली चूक मी अजून वगळलेली नाही. उद्या सकाळी 7 वाजता मी आधी गेज तपासतो. तो बरोबर निघाला तर इन्सर्ट बदलून पहिले पाच नग मोजतो. गेजमध्ये फरक निघाला तर आजचे नग पुन्हा मोजावे लागतील. हे होईपर्यंत तीन नंबरचं मशीन सुरू करू नये, यासाठी आज रात्री 8 वाजेपर्यंत आपली मंजुरी हवी आहे.’

या मजकुरात ‘बहुधा’ राहिला आहे, तोही एकदाच आणि ज्या वाक्याबद्दल शंका आहे त्याच वाक्यात. पहिल्या मेलमध्ये शंका सगळीकडे सारखीच पसरली होती, त्यामुळे मोजलेला आकडा आणि ताडलेलं कारण यांत वाचणाऱ्याला फरक करता येत नव्हता. आता करता येतो. ‘सव्वादोन तास’ हा हिशोबही त्याने स्वतः केला: चार तासांत 0.007 मिलिमीटर घट, उरलेलं अंतर 0.004. वरिष्ठांना कळायला हवं होतं ते हेच, आणि ‘थोडासा’ या शब्दाने नेमकं तेच झाकलं होतं. मेल लांबला हे खरं. नेमकं लिहिलं की मेल छोटा होतोच असं नाही. काही वेळा तो वाढतो आणि वाढायलाच हवा.

‘नक्की सांगता येणार नाही’ या वाक्याच्या जागी काय आलं तेही पाहा. तिथे आता कोण, कधी, काय तपासणार हे आहे. माहिती अपुरी असताना ठाम लिहायची एवढीच एक सरळ वाट आहे. न तपासता ‘टूलच झिजलंय सर, शंभर टक्के’ असं लिहिलं असतं आणि सकाळी दोष गेजचा निघाला असता, तर पुढच्या वेळी त्याच्या ‘शंभर टक्के’ला कुणी विचारलं नसतं. कुठल्याही शिक्षणाशिवाय ठाम दिसण्याचा हा शॉर्टकट मला ‘मेबी’पेक्षा धोक्याचा वाटतो.

आता दुसरा प्रकार, भीतीचा. तो बहुतेक मागणी करताना दिसतो. ‘जस्ट फॉलोइंग अप’, ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर’, ‘सवड मिळेल तेव्हा जरा बघाल का’. छोट्या उद्योजकाच्या थकलेल्या बिलाची आठवण बहुतेक वेळा याच सुरात जाते. बिलाची रक्कम ठरलेली असते, माल पोहोचल्याची सही हातात असते, मुदत उलटलेली असते. यात शंका घेण्यासारखं काहीच नाही. तरीही ‘पेमेंटचं जरा बघता आलं तर बरं होईल’ असं लिहिलं जातं, आणि हिशोब विभागातला माणूस तो मेल ढिगाच्या तळाशी सारतो, कारण वरचे मेल तारीख मागतात आणि हा मागत नाही.

इथे ठामपणा आवाज चढवून येत नाही, मागे काय आधार आहे ते सांगितल्याने येतो. भारतात सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठी 2006 साली कायदा झाला. सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत करारात कितीही लिहिली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, असं तो सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावं लागतं. हे ठाऊक असलेला उद्योजक असं लिहू शकतो: ‘3 जूनला स्वीकारलेल्या मालाच्या बिलाची 45 दिवसांची मुदत 18 जुलैला संपली. रक्कम 28 जुलैपर्यंत खात्यात जमा करावी. काही हरकत असल्यास ती 24 जुलैपर्यंत लेखी कळवावी.’ पहिल्या आठवणीतच व्याजाचा उल्लेख करायची गरज नाही. ग्राहक जुना असेल, पुढची ऑर्डर हवी असेल, तर मी तो दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवीन. पण तारखा पहिल्याच पत्रात हव्यात. त्या नसतील तर दुसरं पत्र कशाच्या आधारावर लिहिणार?

‘पण हे उद्धट वाटणार नाही का?’ हा प्रश्न मराठी माणसाला लगेच पडतो, आणि तो रास्त आहे. मराठीत आपण आदर क्रियापदात ठेवतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’, आणि वर ‘आपण’. इंग्रजी वाक्यात ही सोय नाही, म्हणून तो आदर भरून काढायला आपण जस्ट, काइंडली, इफ पॉसिबल यांची रास घालतो. मराठीत लिहिताना तर ती रास अजिबात लागत नाही. ‘आज 5 वाजेपर्यंत फाइल पाठवाल का?’ या वाक्यात आदर पुरेपूर आहे आणि वेळही. त्यात ‘जमल्यास जरा’ घातल्याने आदर वाढत नाही. वेळेची अट मात्र सैल होते. इंग्रजीत एक ‘प्लीज’ ठेवावा आणि मागे कारण सांगावं: ‘प्लीज सेंड द फाइल बाय फाइव्ह, द बँक क्लोजेस इट्स विंडो ॲट सिक्स’. कारण दिलं की तारीख हुकमासारखी वाटत नाही.

मराठीतली आणखी एक सवय शब्दयाद्यांत कुठे येत नाही, पण मेल दुबळा करण्यात तिचा वाटा मोठा आहे. ‘विलंब झालेला आहे.’ ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ ‘आपणांस लवकरच कळवण्यात येईल.’ यात ‘कदाचित’ नाही, वाक्यं पुरेशी ठाम भासतात, तरी त्यातून जबाबदारी कुणाच्याच पदरात पडत नाही. कोणी करणार? कधी? हे दोन प्रश्न विचारले की वाक्य उघडं पडतं. ‘गुरुवारपर्यंत मी तुम्हाला नवीन तारीख कळवतो’ हे त्याच्या जागचं वाक्य, आणि ते लिहायला धीर लागतो तो याचसाठी की गुरुवारी कुणीतरी आपल्यालाच विचारणार असतं.

असे शब्द कोण जास्त वापरतं, याचाही अभ्यास झाला आहे. 1973मध्ये रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मांडलं की अशी कचरती भाषा स्त्रियांच्या अंगवळणी पाडली जाते. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यायालयांमधल्या साक्षी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. त्यांना आढळलं की प्रश्न फक्त स्त्री-पुरुषाचा नाही. मानाची जागा नसलेले पुरुषही तसेच बोलत होते आणि तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभ्या राहिलेल्या स्त्रिया तशा बोलत नव्हत्या. मग त्यांनी एकाच साक्षीची दोन रूपं तयार केली. माहिती तीच, पण एकात कचरते शब्द, अडखळणं, जादा आर्जव, आणि दुसरीत ते काढलेले. 1978मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ऐकणाऱ्यांनी दुसऱ्या रूपातला साक्षीदार अधिक विश्वासार्ह मानला. साक्ष स्त्रीची असो वा पुरुषाची, निकाल तोच. ‘मेबी’ लिहिणाऱ्या कनिष्ठाला याची किंमत मोजावी लागते, हे यातून स्पष्ट दिसतं.

पण चित्र इतकं सरळ राहिलं नाही. 1990मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा कार्ली यांचा एक अभ्यास आला. त्यात कचरत बोलणाऱ्या स्त्रीचं म्हणणं पुरुषांना अधिक पटलं आणि ठाम बोलणाऱ्या स्त्रीचं कमी. स्त्री श्रोत्यांच्या बाबतीत उलट. पुरुष बोलत असेल तर त्याच्या भाषेने फारसा फरक पडला नाही. म्हणजे अनेक स्त्रिया ‘जस्ट’ आणि ‘आय थिंक’ वापरतात ते आत्मविश्वास नाही म्हणून नव्हे. समोरचा ठाम शब्दाबद्दल दंड करतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखलेलं असतं. 2015च्या अखेरीस ‘जस्ट नॉट सॉरी’ नावाचं एक छोटं साधन जीमेलसाठी निघालं. ‘जस्ट’, ‘सॉरी’, ‘आय थिंक’ असे शब्द टाइप झाले की ते त्यांखाली लाल रेघ ओढायचं. ते मुख्यतः स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणलं गेलं आणि त्यावर भाषाशास्त्रज्ञांनी टीका केली. ती टीका मला योग्य वाटते. शब्द कोणत्या कामावर आहे हे लाल रेघेला कळत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाचं ओझं लिहिणारीच्या खांद्यावर टाकणं तर सरळ अन्याय आहे.

ज्या ठिकाणी हा दंड खरोखर बसतो तिथे काय करावं? माझ्या पाहण्यात एकच गोष्ट त्यातल्या त्यात टिकते: ठामपणा ‘मी’वरून काढून वस्तुस्थितीवर ठेवणं. ‘माझं स्पष्ट मत आहे की हा पुरवठादार बदलावा’ याऐवजी ‘या पुरवठादाराच्या मागच्या सहा खेपांपैकी चार उशिरा आल्या. दुसऱ्याचा दर 3 टक्के जास्त आहे आणि तो मुदत चुकल्यास दंड मान्य करतो. मी दुसऱ्याची शिफारस करते.’ वाद घालायचा तर समोरच्याला आता खेपांशी घालावा लागतो. आणि वरच्या खुर्चीत बसणाऱ्यांनाही यात एक काम आहे. कनिष्ठाचा मेल ‘मेबी’ने भरलेला आला, तर तो बाजूला सारण्याआधी एका ओळीत उत्तर लिहावं: ‘यातलं तुम्ही काय मोजलंय, काय ताडलंय, आणि माझ्याकडून कधीपर्यंत काय हवंय?’